सेकंड स्क्रीन आणि कॅप्चर कार्ड: खेळायचं कुठे, बघायचं कुठे

प्रश्न: "पीएस५ वर रेसिंग आणि फुटबॉल खेळतो, यूट्यूबवर लाइव्ह करतो. कॅप्चर कार्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडलंय. लॅपटॉपच्या एचडीएमआयला २४ इंची १४४ हर्ट्झचा मॉनिटर लावून त्यावर ओबीएस फुलस्क्रीन करतो आणि तिथेच बघून खेळतो. चॅट लॅपटॉपवर. बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते. लॅपटॉप कमी पडतोय की कार्ड बदलू? डिले अजिबात दिसणार नाही असा सेकंड स्क्रीनचा सेटअप सांगा. बजेट फार नाही."

लॅपटॉप आणि कार्ड दोन्ही तूर्तास आहे ते राहू द्या. घोळ जोडणीत आहे. मॉनिटरची केबल लॅपटॉपमधून काढा आणि कॅप्चर कार्डावर HDMI OUT लिहिलेलं पोर्ट असेल तर तिथे लावा. पीएस५ मधून केबल कार्डाच्या HDMI IN मध्ये, HDMI OUT मधून मॉनिटरला, आणि यूएसबी लॅपटॉपला. खेळताना मॉनिटरकडे बघायचं. तुमची सेकंड स्क्रीन म्हणजे लॅपटॉपचा स्वतःचा पडदा. त्यावर ओबीएस आणि चॅट. नवीन काहीही विकत न घेता एवढ्यावर तुमचं नव्वद टक्के काम होईल. उरलेलं दहा टक्के मात्र चिवट आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी लाइव्हची कामं करतो. लग्नं, गावोगावच्या कबड्डी-क्रिकेटच्या स्पर्धा, आणि अलीकडे गेमिंग करणाऱ्या मुलांचे सेटअप लावून देणं. त्यांच्याकडे गेलो की दहात सहा-सात ठिकाणी हेच दिसतं: ओबीएसचा प्रिव्ह्यू मोठा करून त्यावरच खेळ चाललेला असतो. कार्डाबरोबर येणाऱ्या कागदावर जोडणीचं चित्र असतं, पण तो कागद कुणी उघडत नाही. मग ग्राफिक्स कार्ड, रॅम, इंटरनेट अशा सगळ्यांवर संशय घेऊन होतो.

तुमच्या सध्याच्या जोडणीत एका चित्राचा प्रवास कसा होतो ते बघा. पीएस५ ने फ्रेम तयार केली. कार्डाने ती घेतली, यूएसबीवरून पाठवता येईल अशा रूपात बदलली, लॅपटॉपकडे ढकलली. लॅपटॉपच्या ड्रायव्हरने ती उचलून ओबीएसला दिली. ओबीएसने गरजेप्रमाणे थोडा वेळ रांगेत उभी केली, मग सीनमध्ये बसवली, वेबकॅमची चौकट वर चढवली, आणि पुढच्या ठोक्याला विंडोजच्या हवाली केली. विंडोजने बाकीच्या खिडक्यांबरोबर जुळवून ती मॉनिटरला दिली. ६० फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. वरच्या प्रत्येक थांब्यावर एक-दोन फ्रेम गेल्या तरी सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातं. शंभर मिलिसेकंद गप्पा मारताना कळतही नाहीत, पण वळणावर ब्रेक दाबताना हमखास कळतात. लॅपटॉप कितीही तगडा घेतलात तरी हे थांबे तेच राहतात, फक्त प्रत्येक थांब्यावर वेळ थोडा कमी जातो.

HDMI OUT चा रस्ता वेगळा आहे. तिथे कार्ड आलेल्या सिग्नलची नक्कल करून तशीच पुढे सोडतं. अख्खी फ्रेम साठवून मग पाठवायची भानगड नसल्यामुळे उशीर डोळ्याला कळण्यापलीकडे असतो. यालाच पासथ्रू म्हणतात. जोडणी बरोबर झाली की नाही हे ओळखायची सोपी युक्ती: ओबीएस पूर्ण बंद करा. मॉनिटरवरचा खेळ चालूच राहिला तर तुम्ही पासथ्रूवर आहात. खेळ गेला तर मॉनिटर अजून लॅपटॉपवरच लटकलाय.

यूएसबीची वायर उपटून ही परीक्षा करू नका, फसाल. बरीच कार्डं वीज यूएसबीवरूनच घेतात, त्यामुळे वायर काढली की पासथ्रूही बंद पडतो. याचा दुसरा अर्थ असा की लॅपटॉप झोपला तर तुमचा मॉनिटर काळा होऊ शकतो. ऐन मॅचमध्ये असं झालं की वाटतं पीएस५ गेला. म्हणून लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप Never करून टाका.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे तुमच्या कार्डाला HDMI OUT आहे का? तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही. पेनड्राइव्हसारखं दिसणारं, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला फक्त एक एचडीएमआय असं कार्ड असेल तर त्याला आउट नाही. तरी कार्ड फेकायची गरज नाही. एक इन दोन आउट असा एचडीएमआय स्प्लिटर घ्या. पीएस५ स्प्लिटरला, स्प्लिटरचं एक आउट मॉनिटरला, दुसरं कार्डाला. स्प्लिटरही नक्कलच करतो, त्यामुळे त्यानेही डोळ्याला दिसेल असा उशीर लागत नाही. वेगळा पॉवर अडॅप्टर असलेलाच घ्या. नुसत्या वाय आकाराच्या केबलीवर जाऊ नका, ती या कामाची नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागताना "स्प्लिटर" हाच शब्द ठासून सांगा. नाहीतर दुकानदार स्विच हातात देतो, आणि स्विचचं काम नेमकं उलटं असतं: इन अनेक, आउट एक.

स्प्लिटर असो की पासथ्रू, एक मर्यादा दोघांनाही लागू आहे. पीएस५ चित्र पाठवण्याआधी समोरच्याला विचारतो की बाबा, तुला काय काय झेपतं? हे उत्तर मधल्या डब्यातून येतं. मधला डबा १०८० ला ६० हर्ट्झच सांगत असेल तर तुमचा मॉनिटर १४४ चा असूनही पीएस५ ६० च पाठवणार. तसाही पीएस५ १४४ कधीच पाठवत नाही. त्याच्याकडे ६० आणि १२० हेच आकडे. पडताळा घ्यायचा तर आधी पीएस५ थेट मॉनिटरला लावून Settings मध्ये Screen and Video खाली Video Output बघा, मग कार्ड मध्ये घालून पुन्हा बघा. दोन्ही वेळा तेच आकडे आले तर कार्ड काही खात नाहीये. आकडे घसरले तर तो कार्डाचा किंवा स्प्लिटरचा दोष समजा, आणि १२० हवंच असेल तर तेवढ्यापुरतं नवीन कार्ड घ्यायला कारण आहे. माझं मत विचाराल तर सुरुवातीला १०८० आणि ६० वरच सगळं बसवा. एचडीआर, आणि खेळाच्या फ्रेमप्रमाणे मॉनिटरचा हर्ट्झ बदलणारा व्हीआरआर, दोन्ही बंद ठेवा. एचडीआर चालू असला की मॉनिटरवर छान दिसतं आणि स्ट्रीमवर रंग धुतल्यासारखे फिके जातात, व्हीआरआर सगळ्या कार्डांना पचत नाही. सगळं सुरळीत चालल्यावर एकेक चालू करून बघा, म्हणजे बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळेल.

जोडणी बदलल्यावर मॉनिटरवर चित्र आहे पण ओबीएसमध्ये काळं, असं झालं तर घाबरू नका. तो कॉपी रोखणारा एचडीसीपी आहे. पीएस५ मध्ये Settings, System, HDMI इथे Enable HDCP बंद करा. ते बंद असताना चित्रपट-मालिकांची ॲप्स चालणार नाहीत, ती बघायची असतील तेव्हा परत चालू करायचं. खेळांना फरक पडत नाही.

मॉनिटरच्या जागी घरचा टीव्ही वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य: पासथ्रू करूनही गाडी उशिरा वळत असेल तर पीएस५ थेट टीव्हीला लावून बघा. तसाच उशीर असेल तर तो टीव्हीच्या आतला आहे; चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही फ्रेम अडवून ठेवतो, आणि त्यावर गेम मोड हाच इलाज.

आता सेकंड स्क्रीनकडे वळू. मॉनिटर पासथ्रूवर गेला की लॅपटॉपवरचा प्रिव्ह्यू उशिरा दिसला तरी खेळाला काही होत नाही. पण "डिले अजिबात दिसणार नाही" असं तुम्ही लिहिलंय, आणि खरी गोम इथे आहे. लॅपटॉप मॉनिटरच्या शेजारीच असतो. समोर गाडी वळते आणि पाच-सहा फ्रेमनंतर डोळ्याच्या कोपऱ्यात तीच गाडी पुन्हा वळते. माणसाची नजर हलत्या गोष्टीकडे आपोआप ओढली जाते, त्यामुळे पासथ्रू केल्यावरही पोरं म्हणतात की काहीतरी खटकतंय. मी प्रिव्ह्यू सरळ बंद करून देतो. ओबीएसच्या प्रिव्ह्यूवर राइट क्लिक करून Enable Preview ची खूण काढा. स्ट्रीम आणि रेकॉर्डिंग चालूच राहतं, लॅपटॉपवरचा भारही किंचित हलका होतो. त्या जागी चॅट मोठं करा आणि Docks मधून Stats उघडून खाली ठेवा. चित्र पोहोचतंय ना, ही धाकधूक असेल तर मोबाइलवर स्वतःचाच लाइव्ह आवाज बंद करून उघडा आणि नजरेबाहेर ठेवा.

पुढे कधी तिसरा पडदा, म्हणजे लॅपटॉपला आणखी एक मॉनिटर लावलात, तर विंडोज आणि P एकत्र दाबून Extend निवडा. Duplicate नको, त्यात दोन्ही पडद्यांना एकच सोसेल ते रेझोल्यूशन वापरावं लागतं आणि चॅट वाचताना डोळे फुटतात.

प्रिव्ह्यू बंद करून भागत नाही अशीही वेळ येते. शेजारी बसून कुणी कॉमेंट्री करत असेल तर त्याला लॅपटॉपवर बघावंच लागतं. तेव्हा प्रिव्ह्यूचा उशीर शून्य होणार नाही, पण निम्मा करता येतो. ओबीएसमध्ये Video Capture Device वर डबल क्लिक करा. Resolution/FPS Type ला Custom करा, १९२०×१०८० आणि ६० भरा. खाली Video Format मध्ये NV12 किंवा YUY2, म्हणजे न दाबलेलं कच्चं चित्र, निवडा, आणि Buffering ला Disable करा. बफरिंग म्हणजे मघाशी म्हटलेली ती रांग. मागेपुढे येणाऱ्या फ्रेम एका चालीत लावायला ओबीएस थोड्या साठवून ठेवतं. कार्ड नियमित फ्रेम देत असेल तर रांगेची गरज नसते. Disable केल्यावर चित्र अडखळू लागलं तर समजा तुमच्या कार्डाला ती हवी आहे, परत Enable करा आणि त्या उशिरासह जगा.

Video Format मध्ये तुम्हाला काय दिसतं यावरून कार्डाची कुंडली कळते. १०८० च्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७० हजार पिक्सेल असतात. YUY2 मध्ये प्रत्येकाला २ बाइट लागतात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर साधारण २५ कोटी बाइट, म्हणजे जवळपास २ गिगाबिट दर सेकंदाला. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमताच ४८० मेगाबिट. म्हणजे यूएसबी २.० वरून हे चित्र कच्चं जाणं अशक्य. मग कार्ड प्रत्येक फ्रेम दाबून एमजेपीईजी करून पाठवतं आणि लॅपटॉप ती पुन्हा उलगडतो. दाबण्यात आणि उलगडण्यात वेळ जातो, शिवाय बारीक अक्षरांभोवती मळकट कडा येतात. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट, तिथे कच्चं चित्र आरामात जातं.

पोर्टाच्या आत निळं प्लास्टिक आहे म्हणून यूएसबी ३ समजून चालू नका. कार्डावरचा निळा प्लग तर मुळीच पुरावा नाही. आत यूएसबी २ ची चिप आणि बाहेर निळा प्लग असली कार्डं सर्रास मिळतात. खात्री करायची तर ffmpeg नावाचं सॉफ्टवेअर उतरवून कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा, अवतरणात तुमच्या कार्डाचं ओबीएसमध्ये दिसतं ते नाव टाका:

```
ffmpeg -f dshow -list_options true -i video="USB Video"
```

उत्तरात ओळींची यादी येते. त्यात yuyv422, म्हणजेच YUY2, किंवा nv12 समोर १९२०×१०८० ला fps=60 दिसलं तर कार्ड, पोर्ट आणि केबल तिन्ही ठीक आहेत. yuyv422 ला fps=5 आणि mjpeg ला ३० किंवा ६० असं दिसलं तर चित्र यूएसबी २ वरून येतंय. मग आधी पोर्ट बदला, मधला हब काढा, कार्डाबरोबर आलेलीच केबल वापरा. टाइप-सी च्या चार्जिंगच्या पुष्कळ केबली आतून यूएसबी २ च्याच असतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. हे सगळं करूनही यादी तीच राहिली तर कार्डच यूएसबी २ चं आहे. तुम्ही पासथ्रूवर किंवा स्प्लिटरवर खेळत असाल तर तेही चालेल, स्ट्रीमचा दर्जा थोडा कमी राहील एवढंच.

उशीर नेमका किती आहे हे अंदाजाने ठरवू नका, मोजता येतो. मोबाइलचा कॅमेरा २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर लावा. यासाठी प्रिव्ह्यू पुन्हा चालू करा आणि मॉनिटर व लॅपटॉप दोन्ही एकाच चौकटीत, एकाच उंचीवर येतील असे ठेवा. पीएस५ च्या मेनूत एक बटण दाबून निवड इकडून तिकडे सरकवा आणि शूट करा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत मोजा: मॉनिटरवर निवड सरकल्यापासून लॅपटॉपवर सरकेपर्यंत किती फ्रेम गेल्या. कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. एका मुलाकडे एमजेपीईजी आणि बफरिंग चालू असताना ३४ फ्रेम आल्या, म्हणजे जवळजवळ १४२ मिलिसेकंद. पोर्ट बदलून NV12 घेतलं आणि बफरिंग काढलं, तेव्हा १७ आल्या, म्हणजे ७१. तुमचे आकडे वेगळे येतील. मोजणीत एखाद्या पडद्याच्या फ्रेमइतकी, म्हणजे १५-२० मिलिसेकंदांची चूक धरून चाला, आणि तीन-चार वेळा मोजून मधला आकडा घ्या. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण आवाज जुळवताना त्याची गरज पडेल.

आवाजाचं तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण मॉनिटर पासथ्रूवर नेलात की पहिली तक्रार आवाजाची येणार. आत्ता तुम्ही हेडफोन लॅपटॉपला लावत असाल, कारण चित्रही तिथूनच येत होतं. आता चित्र ताबडतोब दिसेल आणि आवाज लॅपटॉपमार्गे उशिरा येईल. चेंडूला लाथ बसते आणि आवाज नंतर. त्यामुळे हेडफोन मॉनिटरच्या मागच्या ३.५ एमएमच्या भोकात लावा. एचडीएमआयवरून आवाजही येतोच, तो चित्राबरोबरच कानात पडेल. मॉनिटरला हे भोक नसेल तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा डबा मॉनिटरच्या आधी लावता येतो. लॅपटॉपवर मात्र ओबीएसच्या Advanced Audio Properties मध्ये खेळाच्या आवाजासमोर Monitor Off ठेवा, म्हणजे तोच आवाज दुसऱ्यांदा ऐकू येणार नाही. स्ट्रीममध्ये आवाज तरीही जातो.

तुमचं झालं, आता प्रेक्षकाचं बघू. माइक थेट लॅपटॉपला आहे, तो जवळजवळ ताबडतोब ओबीएसमध्ये पोहोचतो. खेळाचं चित्र आणि आवाज कार्डातून उशिरा. परिणामी तुम्ही "गोल!" ओरडता आणि प्रेक्षकाला गोल नंतर दिसतो. हा फरक माइकला मुद्दाम मागे ओढून काढायचा. किती ओढायचा, ते असं काढा. हेडफोन काढून मॉनिटरच्या स्पीकरवरून आवाज येऊ द्या. मॉनिटरला स्पीकर नसेल तर हेडफोनच माइकला चिकटवून धरा. Advanced Audio Properties मध्ये खेळाचा आवाज फक्त ट्रॅक १ वर आणि माइक फक्त ट्रॅक २ वर ठेवा. Output मध्ये Advanced निवडून रेकॉर्डिंगला दोन्ही ट्रॅक चालू करा, आणि पीएस५ च्या मेनूत टिक-टिक करत अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ती फाइल कुठल्याही एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की दोन ट्रॅकवर तीच टिक दोन जागी दिसते. माइकची आधी, कार्डाची नंतर. मधलं अंतर ८५ मिलिसेकंद निघालं तर माइकच्या Sync Offset मध्ये ८५ लिहा. मॉनिटरपासून माइकपर्यंत आवाजाला मीटरमागे ३ मिलिसेकंद लागतात, ते सोडून द्या. नंतर ट्रॅक पूर्वीसारखे करायला विसरू नका, नाहीतर स्ट्रीमवर माइकच जाणार नाही.

हा आकडा मघाच्या स्लो मोशनच्या आकड्याच्या आसपास, किंचित कमी यायला हवा, कारण त्यात लॅपटॉपचा पडदा चित्र दाखवायला जो वेळ घेतो तोही मोजला गेला होता. दोन्हींत खूपच तफावत असेल, समजा इथे ८५ आणि तिथे २००, तर खेळाचं चित्र आणि खेळाचा आवाज यांच्यातच फूट पडलेली आहे. बहुतेक वेळा बफरिंग त्याला कारण असतं.

वेबकॅमचं शेवटी करा. माइक मागे ओढलात, त्यामुळे आता ओठ आधी हलतील आणि शब्द नंतर येतील. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा, त्याच एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक फ्रेम पुढे जा, तळवे भिडण्याची फ्रेम आणि आवाजाची जागा यांच्यात किती फ्रेम आहेत बघा. दोन फ्रेमचा फरक म्हणजे ६० च्या रेकॉर्डिंगमध्ये ३३ मिलिसेकंद. वेबकॅमच्या Filters मध्ये Video Delay (Async) घालून तेवढे भरा. उलटं झालं, म्हणजे वेबकॅमच सगळ्यांत मागे पडत असेल, तर आधी खोलीतला दिवा वाढवा. कमी उजेडात बरेच वेबकॅम फ्रेम कमी करतात आणि मग तोंड फडफडल्यासारखं दिसतं. उजेड वाढवूनही मागेच असेल तर खेळाच्या चित्राला, खेळाच्या आवाजाला आणि माइकला आणखी तेवढाच उशीर लावून सगळ्यांना वेबकॅमच्या पातळीवर आणा. तुम्ही मॉनिटरवर खेळताय, त्यामुळे ओबीएसच्या आत कितीही मागेपुढे केलंत तरी तुमच्या हाताला त्याची झळ लागत नाही. पासथ्रूचा हा फायदा फारसा कुणी सांगत नाही: एकदा खेळणं ओबीएसमधून बाहेर काढलं की आत उशीर वाढवायलाही तुम्ही मोकळे होता.

म्हणजे क्रम असा: जोडणी, मग एचडीसीपी आणि रेझोल्यूशन, मग हेडफोन मॉनिटरला, मग माइकचा ऑफसेट, मग वेबकॅम. क्रम उलटा करू नका. ऑफसेट लावून झाल्यावर फॉरमॅट किंवा बफरिंग बदललंत तर माइकची मोजणी पुन्हा करावी लागते.

राहता राहिला यूट्यूबचा उशीर. चॅटमध्ये कुणी "मागे बघ" लिहितो तोवर तुम्ही दुसऱ्या वळणावर असता, त्याचा कार्डाशी काही संबंध नाही. लाइव्ह कंट्रोल रूममध्ये स्ट्रीमच्या सेटिंगमध्ये Latency असतं. Ultra low-latency ठेवलं तर प्रेक्षकाला साधारण ५ सेकंदांच्या आत दिसतं, Low-latency ला १० च्या आत. सगळ्यांत कमी निवडलं की प्रेक्षकाकडे साठा कमी राहतो आणि नेट हललं की त्याला गोल फिरणारं चक्र दिसतं. तुमचं चॅट बोलकं असेल तर Ultra घ्या, लोक नुसते बघत असतील तर Low पुरे. Stats मध्ये Dropped Frames वाढताना दिसले तर नेट कमी पडतंय, encoding lag वाढताना दिसला तर लॅपटॉप. पासथ्रू केल्यावरही encoding lag चढत असेल तरच लॅपटॉपचा विचार करू, आणि तोही आधी Settings, Output मध्ये प्रोसेसरवर चालणाऱ्या x264 ऐवजी लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपचा एन्कोडर निवडून बघितल्यावर.

कार्डाचं मॉडेल आणि वरच्या ffmpeg च्या यादीतल्या १९२०×१०८० च्या ओळी इथे टाका. HDMI OUT नसेल तर कुठला स्प्लिटर पुरेल ते त्यावरून सांगता येईल.